इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला प्लस-मायनस का असतं आणि सप्लायमध्ये तो लवकर का मरतो: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दुकानात आठवड्यातून चार जण तरी हेच विचारतात, कोणी हातात अ‍ॅडॉप्टर घेऊन येतो, कोणी नुसता फुगलेला कंडेन्सर खिशातून काढून काउंटरवर ठेवतो, आणि प्रत्येक वेळी तेच सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून टाकलं. सोलापूरचं ऊन आणि कारखान्याचे पत्रे हे दोन्ही यात येणारच, कारण आमच्याकडे येणारे निम्मे सप्लाय त्यांनीच मारलेले असतात.

सिरॅमिकला किंवा पंख्याच्या कंडेन्सरला प्लस-मायनस नसतं, मग यालाच का?

कारण याच्यातली एक प्लेट धातूची आहे आणि दुसरी प्लेट चक्क द्रव आहे. हे नीट कळलं की खालचे सगळे प्रश्न निम्मे सुटतात, म्हणून इथे जरा थांबा.

कपॅसिटर म्हणजे दोन प्लेटा आणि मध्ये इन्सुलेशन, हे शाळेत झालंय. पंख्याच्या कंडेन्सरमध्ये इन्सुलेशन म्हणजे प्लास्टिकची फिल्म, ती दोन्ही बाजूंनी सारखीच, तिला कुठून पण करंट लावा काही फरक नाही. इलेक्ट्रोलायटिकमध्ये मात्र वेगळं इन्सुलेशन घातलेलंच नसतं. अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल घेतात, अ‍ॅसिडमध्ये खरवडून त्याला बारीक बारीक भोकं पाडतात म्हणजे पृष्ठभाग कित्येक पट वाढतो, आणि मग त्याला द्रवात बुडवून प्लस व्होल्टेज देतात. त्याने फॉइलवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढतो. जेवढं व्होल्टेज तेवढा थर, साधारण एका व्होल्टला सव्वा ते दीड नॅनोमीटर. म्हणजे २५ व्होल्टचा कपॅसिटर कंपनीने समजा ३५ व्होल्टवर तयार केला असेल तर थर झाला पन्नासेक नॅनोमीटर, आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एवढ्या पातळ थरामुळेच तर बोटाच्या पेराएवढ्या डब्यात १००० एमएफडी, म्हणजे मायक्रोफॅरड, बसतात.

आता हा थर भोकाभोकांत चढलेला, त्याला दुसरी प्लेट चिकटवायची कशी? पत्रा तर आत जाणार नाही. म्हणून कागद द्रवात भिजवून वर गुंडाळतात, तो द्रव प्रत्येक भोकात शिरतो आणि तोच दुसरी प्लेट होतो. आणि हा ऑक्साइड एकाच बाजूने करंट अडवतो, फॉइल प्लस असेल तर. फॉइल मायनस केलं की दार उघडतं. जुन्या पुस्तकांत अशा धातूंना व्हाल्व मेटल म्हणायचे ते याच्यासाठीच, सायकलच्या व्हाल्वसारखं, हवा आत जाते बाहेर येत नाही.

पण मी एक कापून बघितला, आत तर दोन फॉइल निघाले?

बरोबर बघितलंत. दुसरं फॉइल फक्त द्रवापर्यंत करंट पोचवणारी वायर समजा, खरी मायनस प्लेट द्रवच. त्या दुसऱ्या फॉइलवर पण हवेने जो आपोआप चढतो तेवढा ऑक्साइड असतो, एक-दीड व्होल्ट सहन करेल इतकाच. म्हणून डेटाशीटमध्ये उलटं व्होल्टेज एक-दीड व्होल्टच्या पुढे नको असं लिहिलेलं असतं. दोन्ही फॉइलवर मुद्दाम जाड थर चढवला तर तो झाला बायपोलर, स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये असतो तो, पण दोन थर सिरीजमध्ये आले म्हणून तेवढ्याच एमएफडीला डबा मोठा होतो.

उलटा लावला तर आत नेमकं काय होतं?

सुलटा असताना थरात कुठे बारीक छिद्र पडलं तर तिथून थोडा करंट गळतो, आणि तोच करंट द्रवातला ऑक्सिजन तिथे नेऊन छिद्र बुजवतो. म्हणजे सुलट्या बाजूला हा माल स्वतःची मलमपट्टी स्वतः करतो. उलटा लावला की त्याच फॉइलवर ऑक्सिजनच्या जागी हायड्रोजन यायला लागतो, मलमपट्टी बंद, थर करंट जाऊ द्यायला लागतो. तिकडे दुसऱ्या फॉइलवर नवीन ऑक्साइड चढायला लागतो, कारण आता ते प्लस झालंय. करंट वाढला की द्रव तापतो, द्रव तापला की करंट अजून वाढतो, आणि वायूला जायला जागा नाही कारण खाली रबराचं बूच घट्ट बसलेलं. डोक्यावर जो अधिक किंवा के आकाराचा कट असतो तो याच्यासाठीच, तिथून फाटावं आणि डबा उडू नये म्हणून.

गंमत म्हणजे लगेच काही होत नाही. मी शिकत होतो तेव्हा एका २४ व्होल्टच्या सप्लायमध्ये ४७० एमएफडी उलटा टाकला, चालू केला, व्होल्टेज आलं, मी खूश होऊन चहा ओतायला वळलो आणि मागे फट्ट! खोलीभर तो उग्र वास, आणि कागदाचा कापूस माझ्या शर्टावर. उस्ताद एवढंच म्हणाले, "वर वाकला नव्हतास ना, मग बस चहा पी." तेव्हापासून कंडेन्सर बदलला की पहिल्यांदा चालू करताना तोंड लांब आणि डोळ्याला चष्मा, हा माझा नियम.

थोडा वेळच उलटा होता, फुटला नाही. आता सुलटा करून वापरू का?

नको. बाहेरून नवा दिसेल, एमएफडी पण कदाचित बरोबर दाखवेल, पण आतला थर पातळ झालाय, थोडा द्रव वायू होऊन गेलाय आणि दुसऱ्या फॉइलवर नको तो ऑक्साइड चढलाय. पंधरा-वीस रुपयांचा माल आहे, फेका.

पट्टा प्लसचा का मायनसचा?

अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या डब्यावरचा पट्टा मायनस. बोर्डवर चिकटवलेल्या छोट्या चांदीच्या डब्यावरचा काळा भाग पण मायनस. टँटलमवरची रेघ मात्र प्लस, तिथेच लोक फसतात. बोर्डवर छापलेल्या अर्ध्या पांढऱ्या गोलावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, बहुतेक बोर्डांवर तो मायनस असतो पण उलटा छापलेले बोर्ड पण मी बघितलेत. जुना काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, किंवा मायनस ग्राउंडला जोडलेला आहे का ते मीटरने वाजवून बघा.

ईएसआर ईएसआर म्हणतात ते काय असतं?

पूर्ण नाव इक्विव्हॅलंट सिरीज रेझिस्टन्स. कपॅसिटरच्या आत जणू एक छोटा रेझिस्टन्स सिरीजमध्ये बसलाय असं समजायचं. तो खरंच कुठे सोल्डर केलेला नसतो, द्रवाचा, भिजलेल्या कागदाचा, फॉइलचा आणि पायांच्या जोडाचा मिळून झालेला असतो, आणि त्यात मोठा वाटा द्रवाचा. म्हणजे बघा, ज्या द्रवामुळे प्लस-मायनस आलं तोच द्रव इथे पण. धातूच्या प्लेटीच्या मानाने द्रवातून करंट फार कष्टाने जातो. कांद्याच्या रश्श्यासारखं आहे, पातळ असेल तर भाकरी लगेच भिजते, आटला की नाही. आटणं हाच सगळा प्रॉब्लेम, कारण रबराच्या बुचातून हा द्रव वर्षानुवर्षे हळूहळू उडत असतो. द्रव कमी झाला की वाट अरुंद, वाट अरुंद की ईएसआर जास्त.

मग त्याने सप्लायमधलं आयुष्य कमी कसं होतं? जरा आकड्यात सांगा.

एक खरी केस सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे मालक सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर घेऊन आले. चालू केला की पाच मिनिटात रिस्टार्ट, परत रिस्टार्ट. कोणीतरी त्यांना हार्ड डिस्क गेली म्हणून सांगितलं, ते नवीन डिस्क टाकून आले तरी तेच. मी डिस्कची वायर काढली, डीव्हीआर मस्त चालला. डिस्क लावली, रिस्टार्ट. म्हटलं मालक, डिस्क पण चांगली आणि डीव्हीआर पण चांगला, तुमचा अ‍ॅडॉप्टर मेलाय.

अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट २ अँपिअरचा. असल्या फ्लायबॅक सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मर करंट सलग देत नाही, धक्क्याधक्क्याने देतो, सेकंदाला साठ-सत्तर हजार धक्के. सरासरी २ अँपिअर द्यायचे आणि अर्धा वेळच करंट येतोय असं धरलं तर प्रत्येक धक्क्याचं टोक ८ अँपिअरपर्यंत जातं. बाहेर सरळ २ जायला पाहिजेत, मग मधला चढउतार पचवायचा कोणी, तर आउटपुटच्या कंडेन्सरनी. हिशोब केला तर हा रिपल करंट साधारण २.६ अँपिअर आरएमएस येतो, म्हणजे बाहेर जाणाऱ्या करंटपेक्षा जास्त! लोकांना हे पटतच नाही.

आत १००० एमएफडी २५ व्होल्टचे दोन पॅरललमध्ये होते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १.३ अँपिअर. नवीन असताना चांगल्या मालाचा ईएसआर असतो ०.०४ ओहमच्या आसपास. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स:

```
P = I² × ESR
नवीन : 1.3 × 1.3 × 0.04 = 0.07 W
जुना  : 1.3 × 1.3 × 0.20 = 0.34 W
```

०.०७ वॅट म्हणजे काहीच नाही, १० बाय २० मिलिमीटरचा डबा तेवढ्याने जेमतेम पाच डिग्री तापतो. पण तोच ईएसआर पाचपट झाला की डबा आजूबाजूच्या हवेपेक्षा चोवीसेक डिग्री गरम. करंट काही कमी होत नाही, कारण करंट किती हे ट्रान्सफॉर्मर आणि लोड ठरवतात, बिचाऱ्या कंडेन्सरला कोणी विचारत नाही. आता गरम झाला म्हणून द्रव जास्त उडणार, द्रव उडाला म्हणून ईएसआर वाढणार, ईएसआर वाढला म्हणून अजून गरम. सावकाराच्या व्याजासारखं आहे हे, पहिली काही वर्षं कळत पण नाही आणि शेवटचे दोन महिने सगळं एकदम. (गरम झाल्यावर द्रव पातळ होऊन ईएसआर थोडा खाली येतो, तेवढाच ब्रेक, पण उडून गेलेला द्रव काही परत येत नाही.)

आणि दोन पॅरललमध्ये असतील तर अजून एक भानगड. एक आधी सुकला की करंट दुसऱ्याकडे वळतो, कारण करंट सोप्या वाटेने जाणार. मग चांगल्यावर एकट्यावर २.६ अँपिअर, करंट दुप्पट म्हणजे उष्णता चौपट. म्हणून एक फुगलेला आणि एक बरा दिसला तरी दोन्ही बदलायचे, बरा दिसणारा पण भरडून निघालेला असतो. त्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मोजले तर एक ०.९ ओहम आणि दुसरा ०.३५.

पण मीटरवर तर बरोबर १२ व्होल्ट दाखवत होता?

हो, १२.१ दाखवत होता, मालकांनी पण घरी मोजलं होतं. मीटर डीसीवर सरासरी दाखवतो. ०.९ आणि ०.३५ पॅरललमध्ये म्हणजे पाव ओहम, त्याच्यावर ८ अँपिअरचा चढउतार म्हणजे फुल लोडला २ व्होल्टचा रिपल. बाराच्या खाली अर्धा व्होल्ट खड्डा आणि वर दीड व्होल्टचा खिळा, सेकंदाला हजारो वेळा. हार्ड डिस्कची मोटर थेट १२ व्होल्टवर चालते आणि तिला दहा टक्के वरखाली एवढंच चालतं, म्हणजे १३.२ च्या वर नको. डिस्क काढली की लोड कमी, धक्के लहान, रिपल लहान, म्हणून डीव्हीआर एकटा चालायचा. नवीन असताना हाच रिपल ०.१६ व्होल्ट असतो.

स्कोप नसेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुटला लावा. स्वस्तातला मीटर साठ हजार हर्ट्झ नीट मोजत नाही त्यामुळे आकड्याला अर्थ नाही, पण त्याच मॉडेलच्या चांगल्या सप्लायशी तुलना केली तर अंदाज येतो. शून्य आलं म्हणून चांगला असं मात्र समजू नका.

सोलापूरच्या उन्हाने खरंच एवढा फरक पडतो का, का तुम्ही उगाच सांगताय?

डब्यावर १०५ डिग्री लिहिलेलं असतं आणि डेटाशीटमध्ये तास, समजा २०००. लोकांना वाटतं २००० तास म्हणजे तीन महिनेच की. तसं नाही, ते १०५ डिग्रीवरचे तास. दर दहा डिग्री खाली आलात की आयुष्य दुप्पट, हा ढोबळ नियम:

```
L = L0 × 2^((T0 − T)/10)
```

घरात ३० डिग्री, अ‍ॅडॉप्टरच्या प्लास्टिकच्या आत २५ डिग्री वाढ, कंडेन्सरची स्वतःची ५, झाले ६०. गणित सांगतं ४५ हजार तास, पाच वर्षं सलग. आता तोच अ‍ॅडॉप्टर मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर ४२ आणि पत्र्याखाली ४८, शिवाय सूत उडून त्याच्यावर कापसाची रजई झालेली. कंडेन्सर ७८ वर. १३ हजार तास, दीड वर्ष. त्यात ईएसआर पाचपट झाला की ९७ डिग्री आणि उरले साडेतीन हजार तास, पाच महिने पण नाही. आणि बनवणाऱ्याने पैसे वाचवायला ८५ डिग्रीवाला टाकला असेल तर नवा असताना सुद्धा त्या शेडमध्ये चार-साडेचार महिन्यांचाच पाहुणा. अर्थात शेड बारा महिने तेवढी तापत नाही म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त जातो. गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत बसवलेला सप्लाय उन्हाळ्यानंतर माझ्याकडे का येतो याचं उत्तर हेच.

अ‍ॅडॉप्टर पत्र्याजवळून खाली भिंतीवर आणला आणि महिन्यातून एकदा सूत झटकलं तरी दहा डिग्री सहज वाचतात, म्हणजे आयुष्य दुप्पट, ते पण फुकटात.

सप्लाय टिकटिक करतो, चालू होत नाही, पण हेअर ड्रायरने तापवला की चालू होतो. भूत आहे का?

भूत नाही, स्टार्टअपचा छोटा कंडेन्सर आहे. यूसी ३८४२ सारखा आयसी असेल तर तो १६ व्होल्टला जागा होतो आणि १० च्या खाली गेला की परत झोपतो. जागा झाल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या सहायक वाइंडिंगकडून करंट येईपर्यंत त्याला त्या शेजारच्या २२ किंवा ४७ एमएफडीच्या साठ्यावर जगायचं असतं. तो सुकला की साठा पुरत नाही, व्होल्टेज दहाच्या खाली, आयसी झोपला, परत चार्ज, परत जागा, हीच ती टिकटिक. ड्रायरने उरलेला द्रव पातळ होतो, ईएसआर तात्पुरता पडतो आणि सप्लाय उठतो. म्हणून "एकदा बंद केला की सकाळी चालू होत नाही" अशी तक्रार आली की मी आधी हाच बघतो. मोठ्यांकडे सगळे बघतात, पण छोट्या डब्यात द्रवच कमी त्यामुळे तो आधी सुकतो, आणि बऱ्याचदा तो गरम हीटसिंकला चिकटून बसवलेला असतो.

फुगला नाही म्हणजे चांगला ना?

अजिबात नाही. फुगणं म्हणजे वायू झाला, पण नुसता सुकत गेलेला कंडेन्सर शेवटपर्यंत सपाट राहतो. त्या डीव्हीआरच्या अ‍ॅडॉप्टरमधला ०.३५ वाला वरून एकदम नवा दिसत होता.

मोजायचा कसा?

मीटरवरचा एमएफडी मोड पुरेसा नाही. तो हळूहळू मोजतो, त्यामुळे सुकायला लागलेला १००० एमएफडी पण ८५०-९०० दाखवून पास होतो. ईएसआर मीटर पाहिजे, तो साधारण एक लाख हर्ट्झवर मोजतो, आणि व्होल्टेज इतकं कमी ठेवतो की आजूबाजूचे डायोड चालू होत नाहीत, म्हणून बऱ्याचदा बोर्डवरच मोजता येतं. फक्त पॅरललमध्ये दोन असतील तर एकाचा पाय सोडवा, नाहीतर चांगला वाईटाला झाकतो. हजार-बाराशेत मिळणारा चौकोनी कंपोनंट टेस्टर पण चालतो, त्याला माल सुटा करून लावावा लागतो एवढंच.

मीटर लावायच्या आधी डिस्चार्ज! मेनच्या बाजूच्या मोठ्या कंडेन्सरवर २३० चं डीसी होऊन ३२५ व्होल्ट बसलेले असतात, प्लग काढल्यावर पण राहतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची मर्दुमकी नको, दोन-तीन किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टन्स वायरला जोडून ठेवा, दहा सेकंद धरा, मग मीटरने बघून खात्री करा.

बदलताना कुठला घ्यायचा?

नवी पेठेत जाऊन नुसतं "१००० पंचवीस द्या" म्हणू नका, तो साधा देईल. १०५ डिग्री आणि लो ईएसआर मागा, आणि शक्यतो जास्त तासांचा, ५००० किंवा त्याच्या पुढचा. व्होल्टेज एक पायरी वर चालतं, २५ च्या जागी ३५, डबा बसत असेल तर जरूर घ्या कारण मोठ्या डब्याला थंड व्हायला जागा जास्त मिळते. एमएफडी मात्र मनाने दुप्पट करू नका, इथे काम एमएफडीपेक्षा ईएसआरचं आहे. फारच हलका आणि फारच स्वस्त वाटला तर संशय घ्या, मोठ्या डब्यात छोटा डबा घातलेला नकली माल मी स्वतः कापून बघितलाय. आणि वर्षानुवर्षे कपाटात पडलेला जुना स्टॉक असेल तर त्याचा ऑक्साइड थर कमजोर झालेला असू शकतो, तो एक किलोओहमच्या रेझिस्टन्समधून त्याच्याच व्होल्टेजवर तासभर चार्ज करून ठेवला की थर परत भरतो, मग वापरायचा.

डीव्हीआरवाल्या मालकांना दोन कंडेन्सरचे आणि मजुरीचे मिळून दीडशे रुपये लागले. जुनी डिस्क पण चांगली निघाली, तिच्यात आता त्यांच्या मुलाने पिक्चर भरलेत.